कोलाडला राफ्टिंग बुक करताय? आधी विचारा, बोट कोणाची

मागच्या वर्षी जुलैत आम्ही नऊ जण कोलाडला राफ्टिंगला गेलो होतो, म्हणजे जायला निघालो होतो असंच म्हणावं लागेल. चिपळूणहून पहाटे तीनला दोन गाड्या काढल्या, माणगावला नेहमीसारखे अडकलो, तरी सव्वासातला रिसॉर्टवर हजर. एका रिसॉर्टचं पॅकेज घेतलं होतं, नाश्ता, राफ्टिंग, दुपारचं जेवण, माणशी 1,500, म्हणजे 13,500 आणि त्यातले निम्मे, 6,750, आधीच यूपीआयने दिलेले. पोहे खाऊन झाले, चहा झाला, आणि मग काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आज पाणी नाहीये ताई, राफ्टिंग कॅन्सल." बरं, ठीके, निसर्गाची गोष्ट आहे, पैसे परत द्या म्हटलं. तर म्हणे, राफ्टिंग आमचं नाही, ते राफ्टिंगवाल्यांचं, आम्ही फक्त बुकिंग घेतो, पैसे त्यांच्याकडे गेलेत. राफ्टिंगवाल्याचा नंबर द्या म्हटलं तर तो द्यायला तयार नाही. शेवटी जेवून परत आलो, चार फोन केले, पाचव्यापासून उचललेच नाहीत.

माझा मामा मालवणचा, त्याची स्वतःची होडी आहे. त्याला हे सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "बोटीचो मालक कोण ता आधी इचार, मगे पैशे दी." बस, अख्खी गोष्ट एवढीच आहे. लायसन कोणाचं बघायचं, जॅकेट कोणाचं, वजनाची लिमिट कोणी ठरवली, पाऊस आला तर पैसे कोण देणार, या चारही प्रश्नांची उत्तरं तुम्ही ज्याला पैसे पाठवता त्याच्याकडे नसतातच मुळी, ती बोटवाल्याकडे असतात. त्यानंतर आम्ही दोनदा परत बुक केलं आणि तेव्हा हे नीट कळलं, म्हणून लिहितेय.

आधी नदीचं गणित समजून घ्या

कोलाडची कुंडलिका बाकीच्या कोकणातल्या नद्यांसारखी नाही. आपल्याकडच्या नद्या पावसाळ्यात तुफान आणि मार्चपासून नुसते गोटे. कुंडलिकेत मात्र उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं, कारण वर घाटावर मुळशी तलाव आहे, त्याचं पाणी पाइपांमधून खाली भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरात येतं, वीज झाली की ते पाणी खाली नदीत सुटतं. त्या सुटलेल्या पाण्यावर राफ्ट चालते. म्हणून सगळं सकाळी लवकर असतं, पाण्याचा लोंढा येतो, काही तास राहतो आणि ओसरतो, दुपारी त्याच जागी गेलात तर दगड वर आलेले दिसतील. साधारण बारा-चौदा किलोमीटरचा पट्टा आहे, रॅपिड ग्रेड दोन-तीनचे, म्हणजे नवीन माणसाला झेपणारे पण भिजवणारे, उलटायची शक्यता कमी पण शून्य नाही.

यातून बुकिंगसाठी एक गोष्ट कळते. पाणी कधी आणि किती सुटणार हे विजेच्या गरजेवर ठरतं, टुरिस्टवर नाही. त्यामुळे "रोज सकाळी आठ वाजता शंभर टक्के" असं छातीठोकपणे सांगणारा एकतर एजंट आहे नाहीतर तुम्हाला गंडवतोय. जो बोटवाला रोज नदीवर असतो तो म्हणेल, "आदल्या रात्री कन्फर्म करतो." हे उत्तर आलं की मला जरा हायसं वाटतं.

आणि "आज पाणी नाही" आणि "आज पाऊस जास्त आहे" ही दोन वेगळी कारणं आहेत हेही डोक्यात ठेवा. बऱ्याच ठिकाणी अटींमध्ये फक्त पावसाचं लिहिलेलं असतं, पाणी न सुटण्याचं नसतं, आणि आमचे पैसे नेमके त्या फटीत पडले.

पहिला फोन: बोट कोणाची, नोंदणी कोणाच्या नावावर

फोन लावल्यावर रेट विचारायच्या आधी सरळ विचारायचं, राफ्ट आणि गाइड तुमचे स्वतःचे आहेत की दुसऱ्याचे? रिसॉर्ट, ट्रॅव्हलवाले, इन्स्टाग्रामवर रील टाकणारे ग्रुप, यातले बहुतेक जण बुकिंग पुढे ढकलतात. त्यात वाईट काही नाही, कमिशन सगळेच घेतात, पण मग त्या पुढच्याचं नाव पाहिजे. नाव सांगायला का-कू केली की मी तरी तिथेच फोन ठेवते आता.

नाव मिळालं की त्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र व्हॉट्सॲपवर मागायचं. महाराष्ट्रात 2021 साली साहसी पर्यटनाचं धोरण आलं, त्यात जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या ॲक्टिव्हिटी घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायला सांगितलंय. आता इथे गंमत होते. लोक "एमटीडीसी अप्रूव्हड" असं ऐकलं की खूश होतात. एमटीडीसी म्हणजे महामंडळ, ते रिसॉर्ट वगैरे चालवतं. साहसी खेळाची नोंदणी पर्यटन संचालनालयाची, ते वेगळं ऑफिस आहे, कोकण विभागाचं प्रादेशिक कार्यालय नवी मुंबईत आहे. कागदावर काय लिहिलंय ते बघा, तोंडी काय सांगतात ते नाही.

मला दुसऱ्या वेळेला एकाने जे पाठवलं ते होतं शॉप ॲक्टचं लायसन. आधीच्याने जीएसटीचं सर्टिफिकेट पाठवलं होतं. एकाने तर हॉटेलचं खाण्याच्या लायसनचं पान पाठवलं, त्याच्या बिचाऱ्याच्या मनात काय होतं देव जाणे. हे सगळे कागद खरेच असतात, पण त्यातून एवढंच कळतं की दुकान नोंदलेलं आहे, नदीत माणसं न्यायला कोणी तपासलंय हे कळत नाही.

बरोबर कागद आला की त्यात चार ठिकाणी नजर टाका. नाव तेच आहे का जे फोनवर सांगितलं. ॲक्टिव्हिटी राफ्टिंगच लिहिलीय का, कारण झिपलाइनची नोंदणी असून राफ्टिंग घेणारेही असू शकतात. जागा कोलाडची आहे का. आणि मुदत संपलीय का. तात्पुरती नोंदणी आणि पक्की नोंदणी असे दोन प्रकार आहेत, तात्पुरती असेल तर त्याची तारीख जास्तच नीट बघा. फोटो अर्धवट कापलेला असेल, खालची तारीख नेमकी दिसत नसेल, तर पूर्ण पान परत मागा, लाजायचं काही कारण नाही.

मग शेवटचं, यूपीआयला पैसे टाकताना स्क्रीनवर जे नाव येतं ते या कागदावरच्या नावाशी किंवा निदान रिसॉर्टच्या नावाशी जुळतंय का. तिसऱ्याच कुणाचं नाव आलं तर थांबायचं आणि विचारायचं. "तो आमचा मॅनेजर" असं उत्तर आलं तर तेच मेसेजमध्ये लिहून द्या म्हणायचं.

वय आणि वजन: हे बुक करताना सांगा, काठावर नको

आमच्यात दादा 104 किलो आणि त्याची मुलगी, माझी भाची, बारा वर्षांची. रिसॉर्टने पहिल्या वेळी दोघांचंही काही विचारलं नाही, नऊ डोकी मोजली आणि नऊ जणांचे पैसे घेतले. दुसऱ्या वेळी बोटवाल्याशी थेट बोलले तर पहिलाच प्रश्न, "चौदाच्या खालचं कोणी आहे का?" त्याच्याकडे चौदा ही खालची मर्यादा होती, आणि राफ्टिंगमध्ये बहुतेक ठिकाणी हीच असते. मुलांना घाबरतात म्हणून नाही हो, मोठ्यांचं जॅकेट बारीक मुलाच्या खांद्यावरून वर सरकतं, मूल पाण्यात पडलं की जॅकेट वर आणि मूल खाली असं होऊ शकतं. भाचीने दोन दिवस तोंड फुगवलं, पण शेवटी नोव्हेंबरमध्ये गेलो तेव्हा ती आईबरोबर काठावर थांबली आणि राफ्ट मोजत बसली.

दादाचं गणित वेगळं. जड माणूस पाण्यात पडला तर जॅकेट त्याला धरणार नाही असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पाण्यात शरीर आपोआप बरंचसं तरंगतं, बहुतेक मोठ्या माणसांना डोकं पाण्याच्या वर ठेवायला फक्त साडेतीन ते साडेपाच किलोच्या आसपास जास्तीचा आधार लागतो, मग माणूस साठ किलोचा असो की शंभर. खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे छातीचा घेर, जॅकेटचे बकल लागले पाहिजेत आणि पट्टे ओढून घट्ट व्हायला थोडी जागा उरली पाहिजे. बकल जेमतेम टोकाला लागत असेल तर ते जॅकेट त्या माणसाचं नाही. दुसरं म्हणजे पाण्यात पडलेल्याला परत राफ्टमध्ये ओढावं लागतं, जॅकेटच्या खांद्याचे पट्टे धरून, आणि ते काम बहुतेक वेळा गाइड नाही तर शेजारी बसलेला माणूस करतो. म्हणजे वजनाची लिमिट ही बोट बुडेल म्हणून नसते, तुम्हाला परत ओढता येईल का यासाठी असते.

म्हणून फोनवर नुसतं "वजन चालेल ना?" असं विचारून उपयोग नाही, तो चालेलच म्हणणार. विचारायचं असं: "एकाचं वजन 104 आहे, छाती 48 इंच, त्या मापाचं जॅकेट आहे का, असेल तर बाजूला काढून ठेवाल का?" त्या बोटवाल्याने दहा मिनिटांनी जॅकेटचा फोटो पाठवला, डबल एक्सेलचा टॅग दाखवून. कोणाला दम्याचा त्रास, हृदयाचं काही, खांदा निखळण्याची सवय, पाठीचं ऑपरेशन, गरोदर असेल तर हे पण आताच सांगायचं. पोहता येत नाही हे सांगितलं तर चालतं, आमच्यात पाच जणांना येत नव्हतं.

आणि याचा पैशांशी संबंध कसा ते बघा. बऱ्याच अटींमध्ये बारीक ओळ असते की काठावर वय किंवा वजनामुळे नाकारलं तर पैसे परत नाहीत. तुम्ही आधीच मेसेजमध्ये लिहिलं असेल आणि त्याने हो म्हटलं असेल, तर ती ओळ तुमच्यावर लागू करणं त्याला अवघड जातं.

काठावर पोचल्यावर: जॅकेट स्वतःच्या हाताने बघा

इथे मी जरा रेंगाळणार, कारण सगळे इथेच घाई करतात. ट्रक येतो, जॅकेटचा ढीग जमिनीवर पडतो, सगळे धावतात आणि हाताला येईल ते घालतात, वर सेल्फी. ढिगातलं जॅकेट घेतलं की आधी ते दोन्ही हातांनी दाबून बघा. आतला फोम दाबला की परत फुगला पाहिजे. जुन्या जॅकेटचा फोम चपटा होतो, कधी कडक होऊन आत तुकडे झालेले हाताला लागतात, असं जॅकेट दिसायला जाड असतं पण उचलत नाही. मग शिवण, खास करून खांद्यावरची, कारण तिथूनच तुम्हाला ओढणार. मग बकल, सगळे आहेत का, एखादं तुटून त्याजागी सुतळी बांधलीय का. हो, सुतळी मी डोळ्यांनी बघितलीय, पिवळी नायलॉनची.

घातल्यावर खालून वर पट्टे आवळायचे, आधी कमरेचा, मग छातीचा. मग दुसऱ्याला सांगायचं की खांद्याला धरून वर ओढ. जोरात, लाजत नाही. जॅकेट हनुवटीच्या किंवा कानाच्या वर गेलं तर ते सैल आहे किंवा मोठं आहे, परत आवळा नाहीतर बदला. दादाचं असंच झालं, एक्सेल घातलं होतं कारण बाजूला ठेवलेलं डबल एक्सेल दुसऱ्याच ग्रुपने उचललं होतं. बकल लागले होते पण पट्टे ओढायला जागाच नव्हती, श्वास घेतला की कुरकुर. गाइड नेपाळचा होता, त्याने लांबूनच बघितलं, काही न बोलता गेला, त्या दुसऱ्या ग्रुपमधल्या एका सडपातळ पोराच्या अंगातून डबल एक्सेल काढलं आणि दादाला आणून दिलं. आम्ही ओढून बघितलं, हनुवटीच्या वर गेलं नाही, ठीक.

हेल्मेट डोक्यावर हलवून बघा, डोकं न हलवता ते पुढेमागे सरकत असेल तर सैल आहे. हनुवटीचा पट्टा लावलेला पाहिजे, त्यात दोन बोटं जातील एवढीच जागा. बाइकचं किंवा बांधकामावरचं पिवळं टोपीसारखं हेल्मेट दिलं तर नाही म्हणा, नदीच्या हेल्मेटला पाणी निघून जायला भोकं असतात आणि कानशिलापर्यंत झाकतं.

मग तुमच्या अंगावर नसलेल्या दोन गोष्टी शोधा. गाइडच्या जवळ एक छोटी पिशवी असते, आत दोरी भरलेली, तिला थ्रो बॅग म्हणतात, कोणी पाण्यात पडलं तर ती फेकतात. आणि राफ्टबरोबर एक लहान एकट्याची बोट, सेफ्टी कयाक, जी पुढे जाऊन थांबते आणि वाहत आलेल्याला पकडते. एकच राफ्ट निघत असेल आणि सोबत कयाकही नसेल तर विचारा की आम्ही उलटलो तर आम्हाला उचलणार कोण. या प्रश्नाला "कधी उलटत नाही" हे उत्तर नाही.

आणि निघायच्या आधी गाइडने जमिनीवर नीट समजावलं पाहिजे, दहा-पंधरा मिनिटं तरी. पॅडल कसं धरायचं, फॉरवर्ड-बॅकवर्ड-स्टॉप, पाय कुठे अडकवायचे. यातली एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, पायाची बोटं पाण्याच्या वर. आणि उथळ वाटलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाय दोन दगडांमध्ये अडकला की मागून येणारं पाणी माणसाला पुढे ढकलून तोंडावर पाडतं आणि मग कंबरभर पाण्यातही उठता येत नाही. आपण कोकणातली माणसं ओहोळात उभं राहून मोठी झालोय त्यामुळे उभं राहायचीच सवय असते, म्हणून मुद्दाम सांगतेय. गाइड हे न सांगताच "चलो चलो" करत असेल तर तुम्हीच विचारा.

पाऊस, पाणी आणि परतावा

आता पैशांचा भाग. समुद्राचं बरं असतं, पावसाळ्यात सगळं बंद आणि नारळी पौर्णिमेशिवाय मामासारखे लोक होडी काढत नाहीत. राफ्टिंगचं उलट, नेमकी जून ते सप्टेंबरमध्येच गर्दी होते. त्यामुळे "पाऊस आला तर कॅन्सल" ही अट निरर्थक आहे, पावसात तर जायचंच असतं. प्रश्न असतो किती पाऊस आणि कुठे. कोलाडला नुसती भुरभुर असेल आणि वर ताम्हिणी-भिऱ्याच्या बाजूला कोसळत असेल तर नदी भरून येते, कारण तिकडचं सगळं पाणी, देवकुंडचं वगैरे, कुंडलिकेतच उतरतं. कोलाडचं आकाश बघून काहीच कळत नाही.

म्हणून दोन गोष्टी बघायच्या. हवामान खात्याच्या mausam.imd.gov.in वर रायगडचा जिल्ह्याचा इशारा येतो, पिवळा, केशरी, लाल. पुढच्या काही दिवसांचा असतो आणि रोज बदलतो, त्यामुळे बुधवारी बघून शनिवारचं ठरवू नका, शुक्रवारी दुपारनंतर परत बघा. दुसरं, पावसाळ्यात जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाकडून नद्यांच्या पातळ्या येतात, कुंडलिकेची डोलवहाल बंधाऱ्याजवळची. इशारा पातळी आणि धोका पातळी असे दोन आकडे असतात, आजचा आकडा त्यांच्या किती खाली आहे ते बघायचं. रोह्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये हे फिरतच असतं.

अटींमध्ये बहुतेक वेळा "खराब हवामानामुळे रद्द झाल्यास तारीख बदलून मिळेल" एवढंच असतं. यात तीन भोकं आहेत. खराब आहे हे कोण ठरवणार? तो म्हणाला चला आणि लाल इशारा बघून तुम्ही म्हणालात नको, तर ते तुमचं कॅन्सलेशन धरणार आणि पैसे बुडणार. कधीपर्यंत कळवणार? सकाळी सातला कळलं तर तुम्ही आधीच माणगावच्या ट्रॅफिकमध्ये आहात. आणि तारीखच बदलून देणार की पैसे पण? नऊ जणांच्या सुट्ट्या परत एकदा जुळवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं आहे.

म्हणून ॲडव्हान्स द्यायच्या आधी मी आता हा मेसेज पाठवते, तुम्ही हवा तसा बदलून घ्या:

"नमस्कार. आम्ही 8 जण, शनिवार, सकाळची बॅच. एकाचं वजन 104 किलो, छाती 48, जॅकेट आहे असं तुम्ही सांगितलं. 14 वर्षांखालचं कोणी बोटीत बसणार नाही. पाणी सुटलं नाही, किंवा नदीची पातळी जास्त म्हणून तुम्ही रद्द केलं, किंवा प्रशासनाने बंदी घातली, किंवा रायगडला लाल इशारा असल्यामुळे आम्ही आदल्या रात्री 9 पर्यंत रद्द केलं, तर ॲडव्हान्स पूर्ण परत, 7 दिवसांत, याच नंबरवर. आम्ही स्वतःहून दुसऱ्या कारणाने रद्द केलं तर तुमच्या नियमाप्रमाणे. बरोबर ना?"

तो "ओके" म्हणाला तरी पुरे, पण आलं पाहिजे. फोनवर हो म्हणून मेसेजला निळ्या टिकवर सोडून देणारे असतात, त्यांना पैसे नाही पाठवायचे. काही जण केशरी इशाऱ्याला नकार देतात, लालला मान्य करतात, ते मला रास्त वाटतं, केशरी तर पावसाळ्यात येता-जाता असतो.

ऑगस्टमध्ये आम्ही असंच बुक केलं, 8 गुणिले 1,300, म्हणजे 10,400, त्यातले 3,000 ॲडव्हान्स. थेट बोटवाल्याशी बोलल्यामुळे रेटही उतरला, नाश्ता मात्र नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी इशारा लाल झाला आणि मी मेसेज टाकायच्या आधीच साडेआठला त्याचाच मेसेज आला, उद्या नको, पाणी वाढतंय. सोमवारी 3,000 परत. म्हणून तिसऱ्यांदा, नोव्हेंबरमध्ये, त्याच्याकडेच गेलो, आणि दादाच्या जॅकेटची वर सांगितलेली गोष्ट तेव्हाची.

अजून एक, अर्ध्यात थांबवलं तर काय, हे पण विचारून ठेवा. वीज कडाडली तर गाइड राफ्ट काठाला लावतो आणि लावलीच पाहिजे. अर्धे पैसे परत की काहीच नाही, हे प्रत्येकाकडे वेगळं असतं. आणि फॉर्मवर सही घेतात ना "आमची जबाबदारी नाही" म्हणून, तो मराठीत किंवा इंग्रजीत जसा असेल तसा वाचा आणि फोटो काढून ठेवा, त्यात विम्याचा उल्लेख आहे का बघा. आपल्या स्वतःच्या अपघात विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात.

पॅराग्लायडिंगवाल्यांसाठी थोडकं

आधी एक गोंधळ. तारकर्लीला, काशीदला, नागावला बोटीच्या मागे दोरीने उडवतात ते पॅरासेलिंग. पॅराग्लायडिंग म्हणजे डोंगरावरून पायलटबरोबर धावत जाऊन उडायचं, आणि त्यासाठी आपल्याला घाट चढून कामशेत किंवा पाचगणीच्या बाजूला जावं लागतं, तेही पावसाळा संपल्यावर. किनाऱ्यावर पाटी पॅराग्लायडिंगची असली तरी दोरी दिसली की ते पॅरासेलिंगच, आणि समुद्रावरच्या अशा खेळांच्या परवानगीसाठी मेरीटाइम बोर्डाचा कागद मागायचा.

खऱ्या पॅराग्लायडिंगमध्ये वजनाचं गणित राफ्टिंगपेक्षा कडक आहे. दोघांना उचलणाऱ्या कापडी पंखावर, म्हणजे विंगवर, लेबल शिवलेलं असतं, समजा त्यावर 120 ते 220 किलो लिहिलंय. हे प्रवाशाचं वजन नाही, पायलट, प्रवासी आणि सगळं सामान मिळून. सामान साधारण 25 किलो धरा. पायलट 72 चा असेल तर 97 झाले, त्यात दादा 104, एकूण 201, बसतं. पायलट 88 चा असेल तर 113 अधिक 104 म्हणजे 217, कागदावर बसतं, पण दादाचे बूट आणि जॅकेट धरले की काठावर. त्यात वारा मंद असेल तर एवढं वजन उचलायला जास्त जोरात धावावं लागणार, आणि दादा धावणार म्हणजे... असो. उलट हलकं मूल आणि हलका पायलट मिळून 120 च्या खाली गेले तर विंग वाऱ्याच्या झोक्यात सहज गोळा होते, म्हणजे कमी वजनही चालत नाही. त्यामुळे बोर्डावर "95 किलोपर्यंत" लिहिलेलं असेल तर विचारा, कुठल्या पायलटबरोबर, कुठल्या विंगवर. नीट पायलट असेल तर तो लेबल उलटून दाखवतो. तेव्हाच त्याच्या हार्नेसमध्ये राखीव पॅराशूट आहे का आणि ते शेवटचं कधी उघडून परत घडी केलं हेही विचारून घ्या, वर्षाच्या वर गेलेलं नको.

वाऱ्यासाठी परताव्याची अट तीच, फक्त इथे सकाळी थांबायला लावतात, वारा बसेल म्हणून. किती वाजेपर्यंत थांबायचं आणि त्यानंतर पैसे परत की नाही, हे वेळ लिहूनच ठरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत टेकडीवर बसवून ठेवतील आणि उतरलात की म्हणतील तुम्हीच गेलात.

राहता राहिले आमचे ते 6,750. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार नोंदवली, यूपीआयची पावती आणि पॅकेजचा मेसेज जोडला. पण त्या मेसेजमध्ये राफ्टिंग कोण घेणार याचं नावच नव्हतं आणि पाणी न सुटल्यास काय हेही नव्हतं, त्यामुळे रिसॉर्टवाला शेवटपर्यंत जेवणाचे आणि नाश्त्याचे पैसे कापूनच बोलत राहिला. 2,500 वर मिटलं.